नाशिकचा दुरुस्ती खर्च खरंच वाढला होता का? 14,236 ओळींतून काढलेल्या एका पानाची गोष्ट

मी एका मालवाहतूक कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करते. कंपनीचे चार डेपो आहेत : चाकण, भिवंडी, नाशिक आणि कोल्हापूर. प्रत्येक डेपोचा लेखनिक रोजचा खर्च आपापल्या फाइलमध्ये भरतो आणि महिनाअखेरीस ती फाइल माझ्याकडे येते. 2024-25 संपलं तेव्हा चारही डेपोंच्या फाइली एकाखाली एक जोडून जे खर्चपत्रक तयार झालं, त्यात 14,236 ओळी होत्या. तारीख, व्हाउचर नंबर, डेपो, गाडी नंबर, खर्चाचं शीर्ष, पार्टी, तपशील, रक्कम, रोख की बँक असे स्तंभ. एकूण खर्च 8 कोटी 91 लाखांच्या घरात.

हे सगळं ज्यांच्यासाठी करायचं होतं त्या आमच्या ऑपरेशन्स मॅनेजरांना ऑफिसात सगळे काका म्हणतात. काकांनी उमेदीत स्वतः ट्रक चालवला आहे. कोणती गाडी कुठल्या घाटात गरम होते, कोणत्या डेपोचा मेकॅनिक हाताचा पक्का आहे, हे त्यांना तोंडपाठ. एक्सेल मात्र ते उघडत नाहीत. त्यांना कागद लागतो आणि कागदावर पेनने खूण करायला जागा लागते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, "मालकांबरोबर बजेटची मीटिंग आहे. वर्षाचा खर्च मला एका पानावर दे."

पहिलं पान का फसलं

मी "वर्षाचा खर्च" हे शब्द जसेच्या तसे घेतले. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे हजारो ओळींची गटवार बेरीज करून देणारा तक्ता, घातलं, ओळींत सगळी 46 शीर्षं, स्तंभांत बारा महिने आणि त्याखाली डेपो. छापलं तेव्हा आठ पानं झाली. काकांनी चष्मा लावून पहिलं पान नीट वाचलं, दुसरं वाचलं, आणि विचारलं, "अगं, यात मी नेमकं बघू काय?"

चूक माझी होती. पिव्होटमध्ये काय ओढायचं हे मी ठरवलं होतं, पण काकांना कशाचं उत्तर द्यायचं आहे ते विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "मीटिंगमध्ये मालक तुम्हाला पहिला प्रश्न काय विचारतील?" उत्तर लगेच आलं : "दुरुस्ती कुठल्या डेपोत वाढली, आणि कधीपासून?"

या एका वाक्यात सगळं पिव्होट टेबल आहे. "कुठल्या डेपोत" म्हणजे ओळी, Rows. "कधीपासून" म्हणजे स्तंभ, Columns. "दुरुस्ती" म्हणजे गाळणी, Filters. आणि "वाढली" म्हणजे रकमेची बेरीज, Values. ज्याला तंत्र माहीत नाही त्याच्याशी या चार चौकटींबद्दल बोलायची गरज पडत नाही. तो प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या वाक्यात त्या आपोआप येतात, आपण फक्त कान देऊन त्या वेगळ्या करायच्या. महिन्यांऐवजी तिमाही घ्यायचं मी त्याच वेळी ठरवलं. चार डेपो, चार तिमाही, सोळा आकडे. हे पानावर मावतं आणि डोक्यातही.

आधी माल निवडायचा

पिव्होट घालणं हे दोन मिनिटांचं काम : पत्रकात कुठेही क्लिक करून `Ctrl+T` दाबायचं म्हणजे त्याचं टेबल होतं (मी त्याला `Kharch` नाव दिलं), मग Insert मधून PivotTable. साध्या पट्ट्याऐवजी टेबल करण्याचा फायदा असा की पुढच्या महिन्याच्या ओळी खाली चिकटवल्या की त्या आपोआप त्यात धरल्या जातात. वेळ जातो तो त्याआधीच्या साफसफाईत. आठ पानांच्या त्या पहिल्या पिव्होटआधीच माझा दीड दिवस गेला होता, आणि त्यातला बहुतेक भिवंडीच्या तारखांवर.

तारीख हा स्तंभ Rows मध्ये ओढला की एक्सेल एरवी वर्ष, तिमाही, महिना असे गट स्वतःहून करतं. इथे ते झालं नाही. एकेक तारीख सुटी आली. उजवं क्लिक करून Group म्हटलं तर "Cannot group that selection" असा निरोप आला. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो : स्तंभात कुठेतरी तारखेसारखा दिसणारा मजकूर आहे, जो एक्सेलच्या लेखी तारीख नाही. तो शोधताना त्याहून वाईट गोष्ट सापडली. यादीत जानेवारी 2024 च्या तारखा होत्या. आमचं पत्रक 1 एप्रिल 2024 पासून सुरू होतं, मग या आल्या कुठून?

भिवंडीच्या लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती, आधी महिना मग दिवस. तिथून आलेली सीएसव्ही फाइल त्याच लॅपटॉपवर दुहेरी क्लिकने उघडून सेव्ह केलेली होती. 13/04/2024 यातला 13 हा महिना असू शकत नाही, म्हणून एक्सेलने ती मजकूर म्हणून तशीच ठेवली. पण 01/04/2024, म्हणजे आपला 1 एप्रिल, हा त्याने मुकाट्याने 4 जानेवारी करून टाकला. दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचं असं झालं होतं. (दिवस आणि महिना सारखाच असेल, जसं 5 मे, तेवढीच तारीख बचावते.)

मजकूर राहिलेल्या तारखा निदान ओरडून सांगतात, गट होऊ देत नाहीत. उलटलेल्या तारखा खऱ्याच तारखा असतात, त्यामुळे त्या गपचूप बसतात. 5 एप्रिलचा खर्च 4 मे ला जाऊन बसला तर वर्षाची बेरीज अचूकच येते, फक्त महिना चुकतो. मला सुगावा लागला तो आर्थिक वर्षाच्या बाहेर पडलेल्या थोड्याशा तारखांमुळे. म्हणून जोडलेलं पत्रक हाती आलं की सर्वात जुनी आणि सर्वात नवी तारीख बघायची, `MIN` आणि `MAX` ने, हे आता मी कधी चुकवत नाही. डेपोवार बघायची, कारण एकाच डेपोचा घोळ चार डेपोंच्या गर्दीत लपतो.

सूत्र लिहून दिवस-महिना उलटे करता आले असते, पण मी ते केलं नाही. भिवंडीकडून मूळ सीएसव्ही पुन्हा मागवली आणि दुहेरी क्लिक न करता Data मधल्या From Text/CSV ने आत घेतली. तारखेच्या स्तंभाला प्रकार देताना Using Locale निवडून English (India) सांगितलं. बिघडलेल्या मालावर डागडुजी करण्यापेक्षा मूळ माल पुन्हा नीट भरून घेणं सुरक्षित, कारण कुठल्या ओळी आधीच कुणी हाताने दुरुस्त केल्या आहेत हे फाइल बघून कळत नाही.

दुसरा घोळ रकमेचा. Amount हा स्तंभ Values मध्ये टाकल्यावर बेरीज न येता "Count of Amount" आलं, म्हणजे रकमेऐवजी ओळींची संख्या. ते Value Field Settings मध्ये जाऊन Sum करता येतं, आणि पुष्कळजण तेवढंच करून पुढे जातात. पण Count येण्यामागे कारण असतं : स्तंभात मजकूर किंवा रिकामे कप्पे आहेत. Sum केलं की ती मजकुरातली रक्कम शून्य धरली जाते आणि बेरीज तेवढी कमी भरते, कुठलीही सूचना न देता. किती ओळी अशा आहेत ते या सूत्राने कळलं :

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(Kharch[Amount]))
```

उत्तर आलं 37. सगळ्या कोल्हापूरच्या, "1,250/-" अशा बिलावरच्या पद्धतीने लिहिलेल्या. त्या सुधारल्यावर पत्रकाची बेरीज हिशेबाच्या पुस्तकातल्या एकूण खर्चाशी रुपयात जुळवली. ही जुळणी होईपर्यंत मी काकांना एकही आकडा दाखवला नाही.

शीर्षांच्या नावांतली रिकामी जागा ही तिसरी गोष्ट. "Diesel" आणि शेवटी एक स्पेस असलेलं "Diesel" डोळ्यांना एकच दिसतात, पिव्होटमध्ये मात्र दोन ओळी होतात. त्यासाठी `HeadClean` नावाचा नवा स्तंभ केला :

```
=TRIM(SUBSTITUTE([@Head],CHAR(160)," "))
```

नुसतं `TRIM` पुरत नाही, कारण दुसऱ्या प्रणालीतून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी वेगळ्या प्रकारची रिकामी जागा असते, तिला `TRIM` हात लावत नाही. `CHAR(160)` तीच.

आणि तिमाही. एक्सेलच्या लेखी पहिली तिमाही जानेवारी ते मार्च. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून एक्सेलने पाडलेले तिमाहीचे गट आपल्या उपयोगाचे नाहीत. तीन महिने मागे सरकवून तिमाही काढणारा स्तंभ मी जोडला :

```
="Q"&ROUNDUP(MONTH(EDATE([@Date],-3))/3,0)
```

काकांच्या हातातलं पान

काकांना कोटींतले पूर्ण आकडे नको होते. ते बोलतातच लाखांत. पण एक्सेलच्या आकड्यांच्या मांडणीत हजार आणि दशलक्षावर आणण्याची सोय आहे, लाखावर आणण्याची सरळ सोय नाही. म्हणून रकमेला एक लाखाने भागणारा आणखी एक स्तंभ केला आणि तोच Values मध्ये घेतला. "Sum of AmtLakh" या मथळ्यावर क्लिक करून तिथे "लाख रुपये" लिहिलं. Value Field Settings मधल्या Number Format मध्ये एक दशांश ठेवला. तिथेच ठेवायचा, कप्पे निवडून वरवर नाही, म्हणजे पिव्होटची मांडणी पुढे बदलली तरी तो टिकतो. Design मधून Report Layout ला Tabular Form केलं, म्हणजे "Row Labels" या अनोळखी शब्दाऐवजी स्तंभाचं खरं नाव दिसतं. पान असं आलं :

| डेपो | एप्रिल-जून | जुलै-सप्टें. | ऑक्टो.-डिसें. | जाने.-मार्च | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| चाकण | 6.2 | 6.5 | 6.1 | 6.8 | 25.6 |
| भिवंडी | 5.4 | 5.1 | 5.6 | 5.5 | 21.6 |
| नाशिक | 3.9 | 4.2 | 6.7 | 7.4 | 22.2 |
| कोल्हापूर | 2.8 | 3.0 | 2.7 | 2.9 | 11.4 |
| एकूण | 18.3 | 18.8 | 21.1 | 22.6 | 80.8 |

"Q1" ते "Q4" ही नावंही मी त्या कप्प्यांतच बदलून महिन्यांची केली होती. काकांनी पान हातात घेतलं आणि कुणी काही न सांगता पेन नाशिकच्या ओळीवर टेकवलं. तीनपूर्णांक नऊवरून सातपूर्णांक चार. पहिल्या सहा महिन्यांत 8.1 लाख, नंतरच्या सहा महिन्यांत 14.1. बाकीचे डेपो जिथल्या तिथे. मला वाटलं, काम झालं. मालकांना सांगायला उत्तर मिळालं : नाशिक, ऑक्टोबरपासून.

काका मात्र उठले नाहीत. "सहा लाख? नाशिकला गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच. कुठे एवढं मोडलं असतं तर मला रात्री फोन आला असता."

त्या आकड्याच्या आत

पिव्होटमधल्या कोणत्याही आकड्यावर दुहेरी क्लिक केलं की तो आकडा ज्या ओळींपासून बनला त्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उलगडतात. एक्सेल न वापरणाऱ्या माणसासाठी पिव्होटमधली ही सर्वात मोलाची गोष्ट आहे असं माझं मत आहे, आणि ती फार कमी लोक त्यांना दाखवतात. मी 6.7 वर दुहेरी क्लिक केलं, रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलं आणि काकांना खुर्ची स्क्रीनजवळ ओढायला सांगितली.

त्यांनी रकमा वाचल्याच नाहीत. ते तपशिलाचा स्तंभ वाचत खाली खाली गेले आणि वरून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "टायर 10.00-20, 2 नग, फिटिंगसह." मग तशीच आणखी एक ओळ. आणखी एक. "हे टायर दुरुस्तीत कसे आले? टायरचं शीर्ष वेगळं आहे ना आपलं?"

होतं. मी गाळणी बदलून टायरचं शीर्ष निवडलं. नाशिकच्या ओळीत पहिल्या तिमाहीला 2.6 लाख, दुसरीला 2.9, आणि पुढचे दोन्ही कप्पे रिकामे. ऑक्टोबरनंतर नाशिकने एकही टायर घेतला नाही असं पत्रक सांगत होतं, आणि डेपो तर चालू होता.

फोनवर उलगडा झाला. ऑक्टोबरात नाशिकला नवा लेखनिक आला होता. टायरवाल्याच्या बिलात टायरबरोबर फिटिंग आणि अलाइनमेंटची मजुरीही असते. आधीचा लेखनिक संपूर्ण बिल टायरमध्ये टाकायचा, नव्याने ते दुरुस्तीत टाकायला सुरुवात केली. त्याच्या नजरेने ते बरोबरच होतं, त्याला कुणी दुसरं सांगितलंही नव्हतं. नाशिकची दोन्ही शीर्षं एकत्र केली तर चार तिमाहींचे आकडे 6.5, 7.1, 6.7 आणि 7.4 असे येतात. दुसऱ्या सहामाहीतली सहा लाखांची वाढ जाते आणि उरते फक्त पन्नास हजारांची. खर्च वाढला नव्हता, एका खणातून दुसऱ्या खणात गेला होता.

हे मला एकटीला सापडलं असतं का? मला शंका आहे. पिव्होटने दाखवायचं ते चोख दाखवलं होतं, बेरीज रुपयात जुळत होती, तारखा स्वच्छ होत्या. आकड्यांच्या कुठल्याही तपासणीत ही गोष्ट सापडत नाही, कारण एकही आकडा चुकीचा नाही. "एवढं मोडलं असतं तर मला फोन आला असता" हे ज्याला माहीत आहे त्यानेच ती ओळखायची. माझ्याकडून एवढंच करता येण्यासारखं होतं की, त्या माणसाला आकड्यामागच्या ओळींपर्यंत नेऊन बसवायचं. आता मी एक खूण मात्र लक्षात ठेवली आहे : एखादं शीर्ष अचानक फुगलेलं दिसलं की त्याच डेपोत, त्याच तिमाहीत कुठलं शीर्ष अचानक रिकामं झालं ते आधी बघायचं.

दुरुस्त कसं केलं

तपशिलात "टायर" शब्द असलेल्या ओळी शोधून त्यांचं शीर्ष बदलावं असं पहिल्यांदा वाटलं. पण काही बिलांवर कंपनीचं नाव आणि मापच होतं, "टायर" शब्द नव्हता, आणि "टायर पंक्चर" ही तर खरीच दुरुस्ती. शब्दावरून वर्गवारी केली असती तर एक चूक घालवून दुसरी आणली असती. शिवाय व्हाउचरवर सही झालेलं शीर्ष मी परस्पर बदलणं योग्यही नव्हे. ते पुस्तकात रीतसर दुरुस्ती नोंद घालून व्हायला हवं, आणि नंतर तसं झालं.

अहवालासाठी मी वेगळी वाट घेतली. `HeadMap` नावाच्या छोट्या टेबलात 46 शीर्षं डावीकडे लिहिली आणि उजवीकडे काकांच्या बोलण्यातले आठ गट : डिझेल, टोल, टायर व दुरुस्ती, ड्रायव्हर भत्ता, हमाली, पासिंग व विमा, पगार, ऑफिस. मग पत्रकात एक स्तंभ :

```
=XLOOKUP([@HeadClean],HeadMap[Head],HeadMap[Group],"तपासा")
```

शेवटचा "तपासा" मुद्दाम घातला आहे. उद्या एखाद्या लेखनिकाने नवंच शीर्ष निर्माण केलं तर ते गुपचूप गळून न पडता पिव्होटमध्ये "तपासा" या नावाची ओळ होऊन समोर येतं. ज्यांच्या एक्सेलमध्ये `XLOOKUP` नाही त्यांना `IFERROR` मध्ये `VLOOKUP` घालून हेच करता येतं.

टायर आणि दुरुस्ती एकत्र केल्याने काही हरवतं हे मी काकांना सांगितलं : एखाद्या डेपोत टायर खरंच जास्त जायला लागले तर या पानावर ते वेगळं दिसणार नाही. ते म्हणाले, टायरचं शीर्ष सगळीकडे सारखं लागेपर्यंत हेच बरं, पुढच्या वर्षी वेगळं कर.

फाइल पाठवताना

मीटिंगच्या आदल्या दिवशी काकांनी सांगितलं, "हे चारी डेपो मॅनेजरना पण पाठव." मी पाठवायला घेतलं आणि थांबले. पिव्होट ज्या माहितीवर बनतं तिची एक प्रत फाइलच्या आत साठवलेली असते. मूळ खर्चपत्रकाची शीट काढून टाकली तरी ती प्रत राहते. खात्री करायला मी फाइलची नक्कल केली, मूळ शीट डिलीट केली, गाळणी काढून टाकली आणि एकूण बेरजेवर दुहेरी क्लिक केलं. सगळ्या 14,236 ओळी समोर. त्यात चारही डेपोंच्या लोकांचे पगार होते आणि कुणी किती उचल घेतली तेही. ज्या सोयीने काकांना टायर सापडले, त्याच सोयीने भिवंडीच्या मॅनेजरला कोल्हापूरच्या ड्रायव्हरची उचल दिसली असती. दुहेरी क्लिक बंद करायचा पर्याय आहे, PivotTable Options मध्ये Enable show details, पण तो कुणीही पुन्हा चालू करू शकतो, तेव्हा त्याला कुलूप समजू नये.

डेपो मॅनेजरना मी पीडीएफ पाठवली. पिव्होट असलेली फाइल फक्त काकांच्या कंप्युटरवर आहे. तिच्यात Options च्या Data पानावर "Refresh data when opening the file" वर खूण केली आहे, कारण आमच्या एक्सेलमध्ये पिव्होट स्वतःहून ताजं होत नाही आणि रिफ्रेश करायचं राहिलं की जुना आकडा नव्यासारखाच दिसतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक कप्पा आहे, त्यात पिव्होटची बेरीज आणि पत्रकाची बेरीज यांतला फरक येतो. तो शून्य नसेल तर पान वापरायचं नाही, एवढंच काकांना सांगून ठेवलं आहे.

मे महिन्यात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. फाइल त्यांनी स्वतः उघडली होती, चाकणच्या डिझेलवर दुहेरी क्लिकही केलं होतं. "ही बाराशे ओळींची शीट उघडलीय, मी काही बिघडवलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही काका, ती वाचायला उघडलेली प्रत आहे. वाचून झालं की काढून टाका." त्यांनी चष्मा पुसला आणि तपशिलाचा स्तंभ वरून वाचायला घेतला.